झाडाच्या मध्यभागी कोण?

शस्त्रक्रियेच्या वॉर्डात पंधरा-वीस दिवसांत चार-पाच रुग्णांच्या जखमा चिघळल्या आणि प्रत्येकाच्या पुवात स्टॅफिलोकोकस ऑरियस हाच जिवाणू सापडला, की एक प्रश्न उभा राहतो. हा एकाकडून दुसऱ्याकडे पसरला, की प्रत्येकाने आपापला जिवाणू घरूनच आणला? प्रश्न साधा नाही, कारण हा जिवाणू कितीतरी निरोगी माणसांच्या नाकात कसलाही त्रास न देता राहत असतो. त्यामुळे केवळ नाव जुळले म्हणून काही सिद्ध होत नाही.

आता याचे उत्तर जिवाणूच्या जनुकीय मजकुरात शोधता येते. या जिवाणूचा संपूर्ण मजकूर सुमारे २८ लाख अक्षरांचा असतो. पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होताना त्यात अधूनमधून एखादे अक्षर बदलते. दोन नमुन्यांमध्ये दोन-चार अक्षरांचाच फरक असेल तर ते जवळचे भाऊबंद, शंभरावर फरक असेल तर दूरचे. प्रयोगशाळा हे फरक मोजते आणि अहवालासोबत बहुधा एक चित्र पाठवते. त्यात गोल असतात, गोलांना जोडणाऱ्या रेषा असतात आणि प्रत्येक रेषेवर एक आकडा असतो.

हे चित्र समोर आले की सगळ्यांचे डोळे मधल्या गोलाकडे जातात. ज्याच्यातून सर्वांत जास्त रेषा निघतात, तोच संसर्गाचा उगम, असे न बोलताच ठरून जाते. तो गोल एखाद्या सिस्टरच्या नाकातून घेतलेल्या नमुन्याचा असेल तर पुढे काय होते, हे रुग्णालयात काम करणाऱ्यांना सांगायला नको.

म्हणून हे चित्र कसे काढतात, हे कळायला हवे. त्याला ‘मिनिमम स्पॅनिंग ट्री’ म्हणतात : सगळ्या बिंदूंना जोडणारे, एकूण लांबी सर्वांत कमी असलेले झाड. संगणक ते क्षणात काढतो. पण सहा-सात नमुन्यांचे झाड कागद-पेन्सिलीने पंधरा मिनिटांत काढता येते, आणि हाताने काढले की कुठली रेषा पक्की आणि कुठली निव्वळ योगायोगाने आली, तेही दिसते. आज तेच करून पाहू.

सहा नमुने, पंधरा अंतरे

समजण्यासाठी तयार केलेले एक छोटे उदाहरण घेऊ. सहा नमुने आहेत : क, ख, ग, घ, च आणि छ. यांपैकी पाच रुग्णांच्या जखमांचे, तर ‘ख’ हा वॉर्डातल्या एका सिस्टरच्या नाकातला. प्रत्येक जोडीत किती अक्षरांचा फरक आहे, ते असे :

| | क | ख | ग | घ | च | छ |
|---|---|---|---|---|---|---|
| क | – | २ | ३ | ४ | ७ | १४० |
| ख | २ | – | १ | ४ | ७ | १४२ |
| ग | ३ | १ | – | ५ | ८ | १४३ |
| घ | ४ | ४ | ५ | – | ३ | १४४ |
| च | ७ | ७ | ८ | ३ | – | १४७ |
| छ | १४० | १४२ | १४३ | १४४ | १४७ | – |

सहा नमुन्यांच्या जोड्या पंधरा होतात. पंधराही रेषा कागदावर काढल्या तर जाळे होईल आणि काहीच कळणार नाही. झाडात मात्र पाचच रेषा लागतात. बिंदू कितीही असोत, सगळ्यांना जोडायला त्याहून एक कमी एवढ्याच रेषा पुरतात. एक जरी जास्त काढली तर कुठेतरी फेरा तयार होतो, म्हणजे एका बिंदूपासून निघून वेगळ्या वाटेने पुन्हा त्याच बिंदूला परत येता येते. झाडात फेरा चालत नाही.

पाच रेषांची झाडे तरी किती? आर्थर केली या इंग्रज गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्राप्रमाणे सहा बिंदूंची १,२९६ वेगवेगळी झाडे होतात. त्यांतले सर्वांत कमी लांबीचे शोधायचे आहे. सगळी तपासत बसायची गरज नाही. त्यासाठी दोन सोप्या रीती आहेत.

पहिली रीत : यादी लावून

ही रीत अमेरिकी गणितज्ञ जोसेफ क्रुस्कल यांनी १९५६ मध्ये मांडली. सगळ्या जोड्या लहान अंतरापासून मोठ्याकडे अशा लिहून काढायच्या. मग वरून खाली येत प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचारायचा : ही रेषा काढली तर फेरा होईल का? होत नसेल तर रेषा काढायची, होत असेल तर ती सोडून पुढे जायचे.

आपली यादी अशी लागते : ख–ग १, क–ख २, क–ग ३, घ–च ३, क–घ ४, ख–घ ४, ग–घ ५, क–च ७, ख–च ७, ग–च ८, आणि शेवटी छ च्या पाच जोड्या, १४० पासून १४७ पर्यंत.

पहिली ख–ग, अंतर १. रेषा काढली. दुसरी क–ख, अंतर २. तीही काढली. आता क, ख, ग एका गटात आले. तिसरी क–ग, अंतर ३. पण क आणि ग आधीच ख मार्फत जोडलेले आहेत, ही रेषा काढली तर तिघांचा फेरा होईल. म्हणून सोडली. चौथी घ–च, अंतर ३. या दोघांचा अजून कुणाशी संबंध नाही, म्हणून काढली.

इथे क्षणभर थांबून कागदाकडे पाहा. एका बाजूला क–ख–ग, दुसऱ्या बाजूला घ–च आणि कोपऱ्यात एकटा छ. झाडाचे तीन सुटे तुकडे आहेत. या रीतीत झाड असेच, जागोजागी तुकड्यांनी उगवते आणि तुकडे हळूहळू एकमेकांना मिळतात.

पुढची जोडी क–घ, अंतर ४. तिने दोन तुकडे जोडले जातात, म्हणून काढली. लगेच पुढची ख–घ, तिचेही अंतर ४. पण आता फेरा होतो, म्हणून सोडली. ही जागा लक्षात ठेवा, आपण तिथे परत येणार आहोत. त्यानंतरच्या ग–घ, क–च, ख–च, ग–च या चारही जोड्या एकाच गटातल्या आहेत, सगळ्या सोडायच्या. मग येते क–छ, अंतर १४०. ती काढली आणि पाच रेषा पूर्ण झाल्या. एकूण लांबी १ + २ + ३ + ४ + १४० म्हणजे १५०.

हाताने करताना या रीतीत चूक होते ती फेरा ओळखण्यात. तीन बिंदूंचा फेरा डोळ्यांना दिसतो, पण सात-आठ बिंदूंवरून फिरून आलेला फेरा गर्दीत दिसत नाही. यावर उपाय सोपा आहे. सुरुवातीला प्रत्येक बिंदूशेजारी वेगळा गट-क्रमांक लिहायचा. रेषा काढली की दोन्ही गटांच्या सगळ्या बिंदूंना एकच क्रमांक द्यायचा. पुढे एखाद्या जोडीच्या दोन्ही बिंदूंचा क्रमांक सारखा दिसला, की फेरा होणार हे नक्की. चित्राकडे पाहण्याचीही गरज उरत नाही.

दुसरी रीत : एका बिंदूपासून वाढवत

दुसरी रीत रॉबर्ट प्रिम यांच्या नावाने ओळखली जाते. बेल लॅबोरेटरीज या टेलिफोनवर संशोधन करणाऱ्या अमेरिकी संस्थेत असताना त्यांनी ती १९५७ मध्ये प्रसिद्ध केली. खरे तर व्हॉयतेख यार्निक या चेक गणितज्ञाने तीच रीत १९३० मध्ये लिहून ठेवली होती. इथे यादी लावायची नाही. कुठलाही एक बिंदू घ्यायचा, हेच आपले रोप. मग दर पायरीला रोपाबाहेरचा जो बिंदू रोपातल्या कुठल्याही बिंदूला सर्वांत जवळचा असेल, तो जोडून घ्यायचा.

आपण ग पासून सुरू करू. वहीत एक छोटा तक्ता ठेवायचा : बाहेरच्या प्रत्येक बिंदूचे रोपापासूनचे अंतर आणि ते कुणामार्फत आहे. सुरुवातीला ख १, क ३, घ ५, च ८, छ १४३, सगळे ग मार्फत. सर्वांत लहान ख, म्हणून ख–ग रेषा काढली.

आता ख आत आला, म्हणून तक्ता सुधारायचा. क हा ग पासून ३ वर होता, पण ख पासून २ वरच आहे. जुना आकडा खोडून ‘२, ख मार्फत’ लिहायचे. तसेच घ चे ५ चे ४, च चे ८ चे ७ आणि छ चे १४३ चे १४२ होतात. सर्वांत लहान आता क, म्हणून क–ख रेषा काढली.

क आत आल्यावर छ चे अंतर १४० वर येते. घ चे अंतर क पासूनही ४ आणि ख पासूनही ४. नवा आकडा लहान नाही, म्हणून जुनी नोंद तशीच ठेवली. सर्वांत लहान घ, म्हणून ख–घ रेषा काढली. घ आत आल्यामुळे च चे अंतर ७ वरून एकदम ३ झाले, म्हणून घ–च रेषा. शेवटी उरला छ, क मार्फत १४०. एकूण १ + २ + ४ + ३ + १४०, म्हणजे पुन्हा १५०.

सुरुवात छ पासून केली असती तर पहिलीच रेषा १४० ची निघाली असती आणि सर्वांत लहान १ ची रेषा तिसऱ्या पायरीला आली असती. बेरीज तरीही १५० च.

या रीतीत हमखास होणारी चूक वेगळी आहे. नुकत्याच आलेल्या बिंदूपासून जवळचा कोण, एवढेच पाहून पुढे जाण्याचा मोह होतो. तसे केले तर ग वरून ख, ख वरून क, क वरून घ, घ वरून च आणि मग च वरून छ असा प्रवास होतो. शेवटची रेषा १४७ ची पडते आणि बेरीज १५७ होते. हे झाड नव्हे, ही नुसती पायवाट. प्रत्येक पायरीला आतापर्यंत जोडलेल्या सगळ्या बिंदूंकडून पाहायचे असते, हे विसरले की सात अक्षरे जास्त मोजावी लागतात.

दोन्ही रीती बरोबर का?

दर वेळी समोरचे सर्वांत लहान उचलत गेले, पुढचा विचार केलाच नाही, तरी शेवटी उत्तम उत्तर कसे मिळते? औषधोपचारात असे वागलो तर बरेचदा फसतो. इथे फसत नाही, याचे कारण एका वाक्यात मावते.

बिंदूंचे कुठलेही दोन भाग पाडा. झाड सगळ्यांना जोडणारे असेल तर या दोन भागांमध्ये निदान एक पूल हवाच. तो सर्वांत लहान पूलच असावा. समजा, कुणी सर्वांत लहान पूल न घेता मोठा घेतला. मग त्याच्या झाडात लहान पूल घाला. फेरा तयार होईल आणि त्या फेऱ्यात दुसरा एखादा मोठा पूल असेलच. तो काढून टाका. झाड जोडलेलेच राहील आणि बेरीज कमी होईल. म्हणजे त्याचे झाड सर्वांत कमी लांबीचे नव्हतेच. दुसरी रीत दर पायरीला ‘रोप आणि बाकीचे’ असे दोन भाग पाडते. पहिली रीत ‘हा तुकडा आणि बाकीचे’ असे. दोघी सर्वांत लहान पूलच निवडतात.

यातूनच काढलेले झाड तपासण्याची खूणही मिळते. सोडून दिलेली कुठलीही रेषा घ्या आणि तिच्या दोन टोकांमधली झाडावरची वाट पाहा. त्या वाटेवरचा एकही टप्पा सोडलेल्या रेषेपेक्षा मोठा नसला पाहिजे. दुसऱ्या रीतीने काढलेल्या झाडात ग–घ ही ५ ची रेषा नाही. वाट ग–ख–घ, टप्पे १ आणि ४. दोन्ही पाचपेक्षा लहान, म्हणजे ठीक. वर सांगितलेल्या पायवाटेत क–छ ही १४० ची रेषा सोडलेली आहे, पण क वरून छ ला जाताना १४७ चा टप्पा लागतो. चूक तिथल्या तिथे सापडते.

बरोबरी दिसली की थांबा

आता त्या लक्षात ठेवलेल्या जागी परत येऊ. पहिल्या रीतीने आपण क–घ रेषा काढली, दुसऱ्या रीतीने ख–घ. दोन्ही झाडांची लांबी १५०, दोन्ही निर्दोष. पण चित्रे वेगळी आहेत.

पहिल्या चित्रात क मधून तीन रेषा निघतात : ख, घ आणि छ कडे. मध्यभागी आहे क, म्हणजे एक रुग्ण. दुसऱ्या चित्रात तीन रेषा ख मधून निघतात : ग, क आणि घ कडे. आता मध्यभागी आहेत सिस्टर.

हा फरक रीतींमुळे पडला असे समजू नका. पहिल्या रीतीतही यादीत ख–घ आधी लिहिली असती तर तीच रेषा आली असती. दुसरी रीत ग ऐवजी क पासून सुरू केली असती तर क–घ आली असती. संगणकही हेच करतो. समान अंतरे आली की बहुधा जे नाव यादीत आधी, ते तो घेतो. म्हणजे मध्यभागी कोण दिसणार, हे नमुन्यांच्या नळ्यांवर कोणत्या क्रमाने चिठ्ठ्या लावल्या यावरही ठरू शकते. एखाद्या कर्मचाऱ्याकडे बोट दाखवायला हा आधार पुरेसा नाही.

अशी जागा ओळखायची कशी? वरचीच खूण वापरायची. सोडलेली रेषा वाटेवरच्या एखाद्या टप्प्याएवढीच असेल, तर तिथे अदलाबदल शक्य आहे आणि झाड एकमेव नाही. आपल्या उदाहरणात अशी एकच जागा आहे, म्हणून झाडे दोनच. घ–च आणि क–ग ही दोन्ही अंतरे ३ आहेत, पण त्यांची एकमेकींशी स्पर्धाच नाही, त्यामुळे त्या बरोबरीने काही बिघडत नाही. चाळीस नमुन्यांच्या खऱ्या साथीत, जिथे बहुतेक अंतरे १, २, ३ अशी लहान असतात, तिथे स्पर्धेतल्या बरोबऱ्या ढीगभर निघतात आणि तितकीच समान लांबीची झाडे.

कोणती रीत केव्हा?

उत्तर एकच येत असेल तर दोन रीती कशाला? कारण वहीवरचे काम वेगळे आहे आणि वाटेत दिसणाऱ्या गोष्टीही वेगळ्या आहेत.

जिवाणूंच्या नमुन्यांत प्रत्येकाचे प्रत्येकाशी अंतर असते. साठ नमुने असतील तर जोड्या होतात १,७७०. त्यांची क्रमवार यादी हाताने लावणे जिवावर येते. दुसऱ्या रीतीत साठ ओळींचा एकच तक्ता खोडत-सुधारत न्यायचा असतो, म्हणून भरगच्च कोष्टक असेल तिथे ती सोयीची. याउलट गावे आणि त्यांमधले मोजके रस्ते असा नकाशा असेल तर जोड्याच कमी असतात. तिथे यादी पटकन लागते. हा प्रश्न पहिल्यांदा पुढे आला तोही अशाच नकाशावरून. चेक गणितज्ञ ओटाकर बोरूव्का यांनी १९२६ मध्ये मोराव्हिया प्रांतात वीज पोचवण्यासाठी कमीत कमी तार कशी लागेल, या प्रश्नाचे उत्तर शोधताना याची पहिली रीत दिली होती.

मात्र साथीच्या तपासात पहिल्या रीतीचा एक मोठा फायदा आहे. ती मध्येच थांबवता येते. समजा प्रयोगशाळेने सांगितले, की या जिवाणूच्या बाबतीत ५ पेक्षा जास्त फरक असेल तर अलीकडचा प्रसार मानू नका. मग यादीत ५ नंतर रेषा काढणे बंद. कागदावर उरतात क, ख, ग, घ, च यांचा एक गट आणि वेगळा छ. मर्यादा ३ ठेवली तर गट होतात तीन. समान अंतरांच्या गोंधळाचा या गटांवर परिणाम होत नाही. क–घ घ्या की ख–घ, पाच जणांचा गट तोच राहतो. म्हणून ‘कोण एकत्र’ हे उत्तर भरवशाचे आणि ‘कोणाच्या शेजारी कोण’ हे उत्तर कच्चे. मर्यादा किती ठेवायची, हे जिवाणूनुसार आणि मोजण्याच्या पद्धतीनुसार बदलते. ते प्रयोगशाळेलाच विचारावे.

दुसऱ्या रीतीत मात्र एक भुरळ लपलेली आहे. झाड एका बिंदूपासून वाढताना दिसते, त्यामुळे संसर्गही त्याच दिशेने पसरला असे वाटू लागते. आपण ग पासून सुरुवात केली ती मनाला येईल म्हणून. छ पासून केली असती तरी तेवढेच लांब झाड मिळाले असते. सुरुवातीचा बिंदू म्हणजे पहिला रुग्ण नव्हे आणि रेषांना बाण नसतात.

झाड काय सांगत नाही

पहिली गोष्ट छ ची. १४० अक्षरांचा फरक म्हणजे या रुग्णाचा वॉर्डातल्या साथीशी संबंध नाही. तरीही झाडात तो क ला जोडलेला आहे, कारण सगळ्यांना जोडायचेच असा नियम आहे. चित्रात रेषेची लांबी प्रमाणात काढलेली नसेल तर तो शेजारीच बसल्यासारखा दिसतो. म्हणून आधी रेषेवरचा आकडा वाचावा, मग रेषा पाहावी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. क, ख आणि घ या तिघांकडे पुन्हा पाहा. क–ख २, क–घ ४, ख–घ ४. समजा, एक सातवा नमुना आहे, जो क पासून १, ख पासून १ आणि घ पासून ३ अक्षरांवर आहे. तो मध्ये ठेवला तर तिघांना जोडायला १ + १ + ३ म्हणजे ५ पुरतात. आपल्या झाडात तिथे २ + ४ म्हणजे ६ लागले. आकडेच सुचवतात की मध्ये कुणीतरी आहे, ज्याचा नमुना आपण घेतलेला नाही. तो घरी गेलेला रुग्ण असेल, ड्रेसिंगची ट्रॉली असेल किंवा जिवाणूची मधली एखादी पिढी असेल, जी आता कुठेच उरलेली नाही. पण हे झाड फक्त हाती असलेल्या नमुन्यांनाच जोडते, नवा बिंदू कल्पून घेत नाही. त्यामुळे गैरहजर असलेल्याची जागा हजर असलेल्याला मिळते, आणि मध्यभागी दिसतो तो बिचारा हजर असलेला.

तिसरी गोष्ट काळाची. सिस्टरच्या नाकातला जिवाणू रुग्णांकडे गेला असेल, तसाच रुग्णांच्या जखमा बांधता बांधता त्यांच्या नाकात आलेला असू शकतो. अक्षरांचा फरक दोन्ही वेळा तेवढाच असतो. ते ठरवायला दाखल झाल्याची आणि घरी सोडल्याची तारीख, खाट क्रमांक, कुणाचे ड्रेसिंग कुणी आणि कोणत्या दिवशी केले, ड्युटीचा तक्ता, हे सगळे लागते. समजा क रुग्ण ५ तारखेला घरी गेला आणि घ ९ तारखेला दाखल झाला. मग क–घ रेषा असली तरी ते दोघे कधी एका खोलीत नव्हते. मधल्या चार दिवसांत जिवाणू कुठे होता, हा खरा प्रश्न. झाड त्याचे उत्तर देत नाही. प्रश्न कुठे विचारायचा, एवढे दाखवते.

म्हणून असे चित्र हाती आले की चार गोष्टी विचाराव्यात. रेषांवरचे आकडे कुठे आहेत? तोडण्याची मर्यादा किती धरली? समान अंतरांमुळे आणखी किती झाडे तेवढ्याच लांबीची निघतात? आणि साथीतल्या कुणाचा नमुना घ्यायचा राहून गेला? पहिल्या तिन्हींची उत्तरे प्रयोगशाळेच्या कोष्टकात असतात आणि नमुने थोडे असतील तर पेन्सिलीने पडताळता येतात. चौथ्याचे उत्तर वॉर्डाच्या रजिस्टरमध्ये सापडते. तोवर नाकात जिवाणू सापडलेल्या सिस्टरवर इतर सगळ्यांवर करतो तेच उपचार करावेत, हात धुण्याची आणि ड्रेसिंगची शिस्त सगळ्यांसाठी सारखी कडक करावी, आणि मधल्या गोलावर नाव लिहायची घाई करू नये.